पत्र्याखालचं सीलिंग : एक खोली जिप्समची, एक पीव्हीसीची

आमचं गाव औसा तालुक्यात. सासऱ्यांच्या काळी इथं माळवदाचं घर होतं. दगडमातीच्या जाडजूड भिंती, वर लाकडी तुळया-फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा हातभर थर. आत्याबाई सांगतात, भर वैशाखात दुपारी माजघरात गोधडी पांघरून झोपायचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आमच्याही घराची एक बाजू खाली आली. माणसं वाचली, पण डोक्यावर माती ठेवायची हिंमत कुणात उरली नाही. नवं घर विटांचं बांधलं आणि वर पत्रे टाकले. गावातल्या निम्म्या घरांची हीच गोष्ट आहे. भूकंपात पत्रा जीव घेणार नाही एवढी खात्री झाली, उन्हाळा मात्र घरात आला.

मी घरीच शिवणकाम करते. समोरच्या खोलीत, आम्ही तिला बैठक म्हणतो, माझ्या दोन मशिनी आहेत. लग्नसराईची शिलाई सगळी मार्च ते मेमध्ये येते आणि नेमकं तेव्हाच दुपारी बारा ते पाच तिथं बसवत नाही. घामाचे हात रेशमी ब्लाउजपीसला लागले की डाग. कूलर आहे, चालतोही छान, आपली हवा कोरडी. पण कूलरला पाणी लागतं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते दिवस पाहिलेल्या माणसाला कूलरमध्ये बादलीमागून बादली ओतताना बरं वाटत नाही. मग गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला ठरवलं, सीलिंग करून टाकायचं.

माझा धाकटा भाऊ लातुरात फ्रीज-एसी दुरुस्तीचं काम करतो. त्याला फोन केला तर म्हणाला, "ताई, सीलिंग कशाचं करायचं हे नंतर बघू. आधी वर काय टाकायचं ते ठरव." तेव्हा मला हे उलटंच वाटलं. दुकानात गेलं की दुकानदार डिझाईनचं पुस्तक पुढं करतो, गुलाबाचं फूल हवं की गोल गोल कप्पे हवेत ते विचारतो. वर काय टाकणार हे कुणी विचारत नाही.

भाऊ एका रविवारी त्याची थर्मामीटरची बंदूक घेऊन आला. कोरोनात कपाळाला लावायचे ते थर्मामीटर इथं चालत नाहीत, ते तापाच्या आकड्यांपुढं जातच नाहीत. त्याचं मशीन एसीच्या पाइपांसाठी असतं. त्यानं आधी शिडीवर चढून पत्र्याच्या आतल्या अंगाला काळी चिकटपट्टी लावली, थोडा वेळ जाऊ दिला आणि मग त्या पट्टीवर नेम धरला. चकचकीत पत्र्यावर थेट नेम धरला तर आकडा खोटा येतो, कारण चकाकणारा धातू स्वतःची उष्णता कमी फेकतो आणि आजूबाजूची उष्णता परावर्तित करतो. पट्टीवर आकडा आला ६३. खोलीतली हवा ४१, बाहेर सावलीत साधारण तेवढीच.

म्हणजे खोलीतली हवा काही फार वेगळी नव्हती. त्रास होता तो डोक्यावरच्या ६३ अंशांच्या पत्र्याचा. तापलेला पत्रा खाली सगळ्या दिशांनी उष्णता फेकत राहतो. ती हवेला फारशी तापवत नाही, थेट माणसाच्या डोक्या-खांद्यावर, मशीनवर, फरशीवर येऊन पडते. पंखा लावला तरी डोकं भणभणतं ते म्हणून. भाऊ म्हणाला, सीलिंगचं खरं काम एवढंच की तो पत्रा तुला दिसता कामा नये आणि जे दिसेल ते तापता कामा नये. पहिलं काम कुठलाही बोर्ड करतो. दुसरं बोर्डाच्या आवाक्यातलं नाही. साडेबारा मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड उष्णता अडवण्यात अगदीच मामुली, पीव्हीसीचं पोकळ पॅनेलही तसंच. त्यांच्यावर जो थर अंथरला जाईल तो खरा.

त्या थरासाठी बाजारात तीन गोष्टी दाखवल्या. थर्माकोल सगळ्यात स्वस्त आणि उष्णता बऱ्यापैकी अडवतो. पण तो पेट घेतो, आणि वरच्या पोकळीतून वायरी जाणार असतील तर मला तो नको होता. दुसरी चंदेरी बुडबुड्यांची शीट, बोटभरही जाड नाही. दुकानदार म्हणाला, "वहिनी, ही टाका, एसी लावल्यासारखं होतंय." भावानं त्याला विचारलं, कुठं टाकायची? तो म्हणाला, सीलिंगवर पसरून द्यायची. भाऊ नुसता हसला. बाहेर आल्यावर म्हणाला, चंदेरी शीट वाईट नाही, पण तिचं काम चकाकीवर चालतं, आणि चकाकीसमोर मोकळी हवा असेल तरच. पत्र्याच्या खाली ताणून बांधली, चकाकी खाली तोंड करून, तर ती वर्षानुवर्षं स्वच्छ राहते आणि उष्णता खाली फेकत नाही. सीलिंगवर पसरली की आपल्याकडच्या वावटळीची धूळ एका उन्हाळ्यात तिच्यावर बसते आणि मग ती साधी पातळ शीट उरते.

तिसरं ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंची गादी. आम्ही दोन इंच जाडीचं, एका बाजूला अॅल्युमिनियमचा कागद चिकटवलेलं घेतलं. ते पेटत नाही, वजनाला हलकं आणि धूळ बसली तरी त्याचं काम कमी होत नाही, कारण ते चकाकीवर नाही, तंतूंमध्ये अडकलेल्या हवेवर चालतं. म्हणूनच ते दाबायचं नाही. दोन इंचाचं ग्लासवूल कोंबून एक इंचात बसवलं तर निम्मं काम गेलं.

आता बोर्ड. बैठक १२ बाय १६, मागची स्वयंपाकाची खोली १२ बाय १०. माझं मन जिप्समकडं होतं, कारण ते रंगवल्यावर स्लॅबसारखं सलग दिसतं. ह्यांचं म्हणणं पीव्हीसी, पाण्याला भीत नाही. शेवटी भांडण मिटवायला बैठकीत जिप्सम आणि मागं पीव्हीसी असं झालं. भांडणातून झालं तरी वाटणी योग्य होती. मागच्या खोलीत चुलीवरची, कुकरची वाफ असते, आणि त्या बाजूच्या पत्र्यावर लिंबाच्या झाडाचा पाला साचून पाणी तुंबतं. जिप्समला वरून कागद असतो, आतला गाभा पाणी पितो, एकदा चांगला भिजला की फुगून खाली येतो.

मिस्त्री आला आणि त्यानं वर बघून सांगितलं, पत्र्याखालच्या पाइपांना पट्ट्या मारून लटकवून देतो, दोन दिवसांचं काम. इथं भावानं हिशोब मांडला. जिप्सम बोर्ड चौरस मीटरला आठ-साडेआठ किलो. लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा दोनेक किलो, ग्लासवूल सव्वा किलो. सगळं धरून बारा किलो. बैठक जवळजवळ अठरा चौरस मीटर, म्हणजे दोनशे किलोच्या वर वजन. आमचे पत्र्याखालचे पाइप दीड इंची चौकोनी, तीस वर्षांपूर्वीचे, फक्त पत्रा पेलायला टाकलेले. पीव्हीसीचं वजन त्याच्या निम्म्यानं, तिथं एकवेळ चाललं असतं.

वजनापेक्षा मोठी गोष्ट दुसरीच निघाली. पत्रा आणि त्याचे पाइप कधी स्थिर नसतात. दुपारी तापून ताणतात, संध्याकाळी टक टक आवाज करत आकसतात, वळिवाच्या वाऱ्यात थरथरतात. त्यांनाच जिप्सम लटकवला तर ही सगळी हालचाल बोर्डाच्या सांध्यात जाते, आणि दोन महिन्यांत सांध्यासांध्यांतून भेगा दिसायला लागतात. गावात ज्यांनी ज्यांनी जिप्सम केलं त्यांच्याकडं जाऊन पाहिलं, भेगा चार-चार फुटांवर, अगदी मापात.

मग आम्ही पत्र्याला हात न लावता भिंतीपासून भिंतीपर्यंत नवे आडवे पाइप टाकले. ६० बाय ४० मिलिमीटरचे, दोन मिलिमीटर जाडीचे. बैठकीत बारा फुटांच्या रुंदीवर तीन, चार-चार फुटांच्या अंतरानं. मागं दहा फुटांवर दोन. दोन्ही टोकं विटांत घालून सिमेंटनं पक्की केली, त्याआधी गंज लागू नये म्हणून लाल रंग दिला. सीलिंग सगळं या पाइपांना लटकलं. पत्रा वर हवा तेवढा नाचू दे, खाली कळत नाही.

उंचीचंही तेव्हाच ठरवलं. आमचा पत्रा एकपाखी, समोर नऊ फूट आणि मागच्या भिंतीला अकरा. सीलिंग साडेआठ फुटांवर सपाट घेतलं. त्यामुळं एका बाजूला वर सहा इंच पोकळी राहिली, दुसऱ्या बाजूला अडीच फूट. त्याहून खाली घेतलं असतं तर पंख्याची पाती डोक्याला लागायची भीती. पंखा सीलिंगला बांधायचा नाही हे तर मिस्त्रीही म्हणाला. जुन्याच अँगलला लांब दांडा लावला, सीलिंगमध्ये दांड्यापेक्षा बोटभर मोठं भोक पाडलं आणि ते पंख्याच्याच वाटीनं झाकलं. दांडा बोर्डाला कुठंही टेकत नाही. टेकला की पंख्याची थरथर थेट बोर्डात.

पत्र्याची गळती सीलिंगच्या आधी काढायची असते. एकदा खाली बोर्ड लागला की भोक एकीकडं असतं आणि डाग दुसरीकडं, कारण पाणी पाइपावरून वाहत जाऊन वाटेल तिथं टपकतं. ह्यांनी आणि दिरांनी वर चढून पत्र्याचा एकेक पट्टा घागरीनं भिजवला, मी खाली खडू घेऊन उभी. जिथं थेंब दिसला तिथं खूण. बहुतेक गळती जे-हुकांच्या भोकांतून होती. हुकाखालचा रबरी वायसर उन्हानं वाळून बिस्किटासारखा चुरा झालेला. सगळे वायसर बदलले, दोन पत्र्यांच्या जोडावर जिथं चढाव कमी पडला होता तिथं पट्टी मारली, लिंबाची फांदी छाटली.

सांगाडा उभा करायला वेळ लागला नाही. भिंतीवर रंगाच्या दोरीनं रेघ मारून कडेनं परिमीटर पट्टी ठोकली, पाइपांना टांगून इंटर चॅनेलच्या मुख्य पट्ट्या, आणि त्यांच्याखाली आडव्या सीलिंग सेक्शनच्या पट्ट्या दीड-दीड फुटावर. मिस्त्री दोन फुटावर घेत होता, पट्ट्या वाचतात. पण अंतर वाढलं की ग्लासवूलच्या भारानं बोर्डाला मधे पोट सुटतं. दीड फुटावरच घ्यायला लावल्या.

जिप्समचा बोर्ड सहा बाय चार फुटांचा. १२ बाय १६ च्या खोलीला हिशोबानं बरोबर आठ लागतात, मी नऊ आणले. पण आठही पूर्ण बोर्ड तसेच लावले तर चारही कोपरे एका ठिकाणी येतात आणि सांधे सरळ रेषेत पडतात, तिथंच भेग जाते. एका ओळीत अर्ध्या बोर्डानं सुरुवात केली की सांधे विटांच्या बांधकामासारखे आडवेतिडवे पडतात. त्यात कापाकापी होते, म्हणून तो जास्तीचा बोर्ड.

आता मुद्द्याची गोष्ट. ग्लासवूल यायला उशीर झाला आणि बैठकीचे बोर्ड चढवून मिस्त्री मोकळा व्हायला बघत होता. भाऊ म्हणाला, बोर्ड लावून घ्या, पण वायरी आणि सांधे भरायचे थांबवा, मागच्या भिंतीकडची एक ओळ काढता येईल अशी राहू द्या. तिथं पोकळी अडीच फुटांची आहे, माणूस आत सरकू शकतो. त्यामुळं काही दिवस आम्ही नुसत्या जिप्समखाली राहिलो, आणि भावानं पुन्हा बंदूक आणली. वर पत्रा ६२. बोर्डाचं खालचं अंग ४६. खोली ३९. डोक्यावरची आग गेली होती, शेजारच्या वहिनी तर म्हणाल्या, "झालं की पीओपी, गार पडलं घर, आता आणि काय करलालाव?" पण ४६ म्हणजे अजून अंगापेक्षा बरंच गरम. दुपारी तीनच्या पुढं बोर्डाखाली हात धरला की धग जाणवायची.

त्यात बोर्डाचीही एक मर्यादा आहे. जिप्सममध्ये पाणी रासायनिक रूपात बांधलेलं असतं. सतत पन्नास अंशांच्या वर तापत राहिला तर ते पाणी हळूहळू सुटायला लागतं आणि बोर्ड ठिसूळ होतो. खालचं अंग ४६ म्हणजे वरचं त्या हद्दीच्या जवळ. पत्र्याखाली नुसता जिप्सम लावलेल्या घरांत चार-पाच वर्षांनी स्क्रूभोवतीचा बोर्ड भुगा होतो, त्यात या तापण्याचा हात असणारच.

ग्लासवूल आलं. अंथरताना अंगभर कपडे, हातमोजे, तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा. मिस्त्रीचा पोरगा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून आला होता, त्याला ह्यांचा जुना फुल शर्ट दिला. काचेचे तंतू कातडीत शिरले की दिवसभर खाज. खोबरेल लावून उपयोग नाही, गार पाण्यानं न चोळता धुवायचं, आणि ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत.

चंदेरी कागद खाली, बोर्डाकडं ठेवला. दुकानात सांगितलं होतं वर ठेवा. पण वर ठेवला तर धुळीची तीच गोष्ट. खाली ठेवला तर चकाकीचा उपयोग नाही, ती बोर्डाला चिकटलेली. पण कागद घरातली वाफ वर जाऊ देत नाही. पौषात पहाटे पत्रा आभाळाखाली इतका गार पडतो की आतल्या अंगाला दहिवर सुटतं आणि टपटप गळतं, हे पत्र्याच्या घरात राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. स्वयंपाकाची वाफ वर पोचली की हे पाणी वाढतं आणि ग्लासवूलमध्ये जिरतं. ओलं ग्लासवूल काही अडवत नाही. कागदाचे जोड अॅल्युमिनियम टेपनं बंद केले.

अंथरताना एकच गोष्ट मी डोळ्यांत तेल घालून पाहिली, कडा. भिंतीला लागून चार बोटं जागा उघडी राहिली की तिथून उष्णता खाली येते आणि सीलिंगला कडेनं गरम पट्टा पडतो. भावाच्या बंदुकीनं तो लगेच सापडतो, आणि बंदूक नसेल तर दुपारी तळहात बोर्डाच्या जवळून फिरवायचा. समोरच्या बाजूला, जिथं पोकळी सहाच इंच होती, तिथं मिस्त्रीनं काठीनं ढकलून सोडलं होतं. तेवढे बोर्ड उतरवून नीट बसवले.

पुढच्या तशाच कडक दुपारी आकडे असे आले. पत्रा ६३, बोर्डाचं खालचं अंग ३९, खोली ३७. म्हणजे हवा आधीपेक्षा चारच अंशांनी उतरली. कुणी दहा-बारा अंश उतरतं म्हणून सांगितलं तर विश्वास ठेवू नका, दारं-खिडक्या आणि भिंती आहेतच. पण डोक्यावरचं छत ६३ चं ३९ झालं, आणि मी दोन वाजता मशीनवर बसायला लागले. कूलर संध्याकाळीच लागतो आता, पाणी निम्म्याहून कमी.

मागच्या खोलीत पीव्हीसीचं पॅनेल दहा इंच रुंद, दहा फूट लांब. खोलीही दहा फूट. मिस्त्रीला आनंद झाला, कापायलाच नको. बारा फुटांत चौदा पूर्ण बसतात आणि वर थोडी जागा उरते, म्हणून पंधरा आणली. पण पॅनेल भिंतीला भिडवून बसवायचं नाही. पीव्हीसी तापलं की लांबतं. हिवाळ्यातली पहाट आणि उन्हाळ्यातली दुपार यांत पॅनेलला तीस अंशांचा फरक पडला तर दहा फुटांत पाच-सहा मिलिमीटर लांबी वाढते. जागा नसेल तर ते मधे वाकतं, आणि एकदा घेतलेला बाक जात नाही. प्रत्येक पॅनेल अर्धा इंच कमी कापलं, टोकं कडेच्या पट्टीत झाकली जातात म्हणून फट दिसत नाही. स्क्रू फक्त पॅनेलच्या काठाच्या जिभेत, तोही अगदी आवळून नाही.

इथं ग्लासवूल सोबतच अंथरलं, एक पॅनेल लावायचं की त्यावर गादी पुढं सरकवायची. पॅनेल एकमेकांत अडकत जातात, नंतर मधलं काढता येत नाही. दुपारी मोजलं तर खालचं अंग ३९-४०. जिप्समसारखंच. दोन खोल्यांत बोर्ड वेगळे आणि थर एकच, आकडाही जवळजवळ एकच. पीव्हीसीला ग्लासवूलचा आणखी एक फायदा, वरच्या पोकळीतली धग त्याच्यापर्यंत पोचत नाही. साठ-सत्तर अंशांत हे प्लास्टिक नरम पडायला लागतं. गॅसच्या शेगडीच्या थेट वर मात्र पीव्हीसी नकोच, तेवढा दोन फुटांचा चौकोन सिमेंट बोर्डाचा केला.

वायरी दोन्ही खोल्यांत पाइपातून नेल्या आणि दिवे सीलिंगच्या खाली बसणारे घेतले, आत खुपसायचे नाहीत. खुपसलेल्या दिव्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज पुरवणारी डबी, ग्लासवूलखाली गुदमरतो आणि लवकर जळतो, शिवाय प्रत्येक दिव्यापाशी गादीला भोक.

वरच्या पोकळीला वारा हवा. पत्र्याच्या नागमोडी फटींतून खालच्या बाजूनं हवा येतेच. उंच भिंतीला दोन वीतभर झरोके ठेवले, त्यातून तापलेली हवा निघून जाते. फटींना आणि झरोक्यांना बारीक जाळी लावली. ती नसती तर साळुंक्यांनी आणि उंदरांनी ग्लासवूलच्या गादीत संसार मांडला असता. आणि दोन्ही खोल्यांत कोपऱ्यात दोन बाय दोन फुटांचं उचलता येणारं झाकण. मिस्त्री म्हणत होता शोभा जाते.

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा या झाकणाची किंमत कळली. पावसानंतर बैठकीत काही नाही. मागच्या खोलीतही खालून सगळं कोरडं, चकचकीत. ह्यांनी तरी झाकण उचलून बॅटरी मारली तर लिंबाच्या बाजूला परातीएवढा ग्लासवूलचा तुकडा भिजलेला. जिप्सम असता तर पिवळा गोल डाग पडून त्यानं आपणहून सांगितलं असतं. पीव्हीसी सांगत नाही. ते पाणी वर धरून ठेवतं, गादी भिजत राहते, आणि कळतं तेव्हा पॅनेलला पोट आलेलं असतं. पाण्याला न भिणारं सीलिंग म्हणून पीव्हीसी घ्यायचं असेल तर झाकण ठेवायलाच हवं. वरचा एक हुक पुन्हा आवळला, भिजलेला तुकडा काढून नवा टाकला.

पावसाचा आवाज पत्र्यावर पूर्वी एवढा असायचा की फोनवर बोलता येत नसे. आता येतं. हे कुणी आधी सांगितलं नव्हतं.

एक गैरसोय मात्र झाली. नुसता पत्रा रात्री झटकन गार व्हायचा आणि दहाच्या पुढं घरही उतरायचं. आता पश्चिमेच्या भिंतीनं दिवसभर घेतलेली उष्णता रात्री आत सोडली की ती वर निघून जात नाही, ग्लासवूल तिलाही अडवतं. पहिल्या आठवड्यात रात्री नऊला खोली ३५ आणि बाहेर ३१ असा उलटा प्रकार. सूर्य मावळला की खिडक्या सताड उघडायच्या आणि एक पंखा खिडकीकडं तोंड करून हवा बाहेर फेकायला ठेवायचा, हा उपाय केला. पश्चिमेच्या भिंतीबाहेर हिरवी जाळी बांधली. आत्याबाई तरीही अंगणातच झोपतात, पण त्या आधीही तिथंच झोपायच्या.

खर्च असा आला. जिप्सम फुटाला ७५ प्रमाणे १४,४००, पीव्हीसी ९५ प्रमाणे ११,४००, ग्लासवूलचे दोन रोल ८,०००, नवे पाइप आणि वेल्डिंग ५,५००. एकूण ३९,३००, दिवे आणि वायरिंग सोडून. पहिल्या मिस्त्रीचा अंदाज पाइप आणि ग्लासवूल नसलेला होता, म्हणून तो साडेतेरा हजारांनी कमी होता.

वर्षभरात बैठकीत एकच भेग आली, केसाएवढी, भिंतीलगत. बाकी सांध्यांना कागदी टेप लावून लांबी, म्हणजे पुट्टी, भरली होती, ते जसेच्या तसे. ग्लासवूलचा थोडा रोल उरला आहे. ह्यांना तो ओसरीवर वापरायचा आहे. पण ओसरी तीन बाजूंनी उघडी, तिथं हवा बाहेरचीच असणार, सीलिंग करून बोर्डाचा खर्च कशाला. भाऊ म्हणतो तिथं ती चंदेरी बुडबुड्यांची शीट घ्यायची आणि पत्र्याखालच्या पाइपांना तारेनं ताणून बांधायची, चकाकी खाली करून आणि पत्र्यापासून दोन बोटं अंतर सोडून. पाडव्यानंतर ते करायचं आहे.